ब्रेक मारल्यावर वीज किती साठते?

मनमाडचा माणूस नवी गाडी बघायला नाशिकला किंवा मालेगावला जातो, तेव्हा एकाच शोरूममध्ये बारा लाखांची गाडीही 'हायब्रिड' असते आणि वीस लाखांचीही. दोन्हींच्या माहितीपत्रकावर हिरवं पान छापलेलं असतं, विक्रेता दोन्हींबद्दल सारख्याच उत्साहाने बोलतो, आणि पेट्रोलसोबत बॅटरीवरही चालते हे वाक्य दोन्हींना लावतो. पहिल्या गाडीच्या बाबतीत ते वाक्य खरं नसतं. ती बॅटरीवर एक फूटही पुढे सरकत नाही.

हायब्रिडचे तीन प्रकार आहेत: माइल्ड, फुल आणि प्लग-इन. फुल हायब्रिडला आपल्याकडच्या कंपन्या 'स्ट्राँग हायब्रिड' म्हणतात, आणि मारुतीच्या गाड्यांवरचं 'स्मार्ट हायब्रिड' म्हणजे माइल्ड. तिघांत फरक नेमका कुठे आहे हे समजायला एकच प्रश्न पुरतो: धावत्या गाडीचा ब्रेक दाबला की त्या वेगातली शक्ती जाते कुठे?

साध्या गाडीत ती ब्रेकच्या चकत्या तापवण्यात जाते. 1300 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली असेल, तर तिच्या वेगात साधारण 0.05 युनिट वीज दडलेली असते. युनिट म्हणजे तेच, महावितरणच्या बिलावरचं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण शहरात अर्ध्या तासात तीस-चाळीस वेळा ब्रेक लागतो, आणि दरवेळी जी शक्ती उष्णता होऊन गेली, ती पेट्रोल जाळून पुन्हा उभी करावी लागते. हायब्रिडचं मुख्य काम ही गळती थांबवण्याचं. चाकांकडून मोटर फिरवून घेऊन तिचं जनित्र करायचं, चाकांना त्यातून रोध मिळू द्यायचा आणि तयार झालेली वीज बॅटरीत घालायची.

आता गंमत अशी, की ही 0.05 युनिट वीज साठवायला फार मोठी बॅटरी लागत नाही. अडचण साठ्याची नसून वाहून नेण्याची आहे. गाडी सहा सेकंदांत थांबली, तर 0.05 युनिट सहा सेकंदांत गोळा करायचं, म्हणजे तेवढा वेळ सरासरी 30 किलोवॉटचा भार झेलायचा. मारुतीच्या माइल्ड हायब्रिडमध्ये सगळा कारभार 12 व्होल्टवर चालतो. इंजिनाला पट्ट्याने जोडलेलं एक छोटं यंत्र असतं, तेच स्टार्टर, तेच जनित्र. 12 व्होल्टवर 200 अँपिअर प्रवाह नेला, तरी हिशेब दोन-अडीच किलोवॉटच्या पुढे जात नाही. हवा आणि टायर आपापला वाटा घेतात तो वगळला, तरी ब्रेकमधली बहुतेक शक्ती चकत्यांतच जळते. सोबतीला दिलेली लिथियम बॅटरी 6 अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम 0.07 युनिटची.

फुल हायब्रिडमध्ये व्होल्टेज वाढवलेलं असतं. मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या जुळ्या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी सुमारे 178 व्होल्टची आणि 0.76 युनिटची आहे, तर मोटर 80 पीएसची, म्हणजे जवळपास 59 किलोवॉटची. सावकाश, लांबून ब्रेक लावला, तर शक्तीचा मोठा भाग बॅटरीत परत येतो. अचानक करकचून दाबला, तर पुन्हा चकत्यांनाच काम करावं लागतं. म्हणून स्ट्राँग हायब्रिड चालवणाऱ्याने सिग्नल लांबून दिसला की तिथूनच पाय हलका ठेवावा. मायलेजमध्ये चालकाचा हात असतो तो मुख्यतः इथे.

तिसरी प्लग-इन. ती घडणीने फुल हायब्रिडच, फक्त बॅटरी दहा-वीस-पंचवीस युनिटची आणि घरच्या प्लगवर चार्ज होणारी. तिच्याकडे नंतर येऊ.

माइल्ड हायब्रिडला मी फसवणूक म्हणणार नाही. ती तीन कामं करते: गाडी थांबली की इंजिन बंद करते, निघताना आवाज किंवा धक्का न देता चालू करते, आणि वेग घेताना इंजिनाला थोडा टेकू देते. याबद्दल जास्तीचे पैसे फारसे पडत नाहीत. पण तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते सरकारलाही एकदा नव्याने ठरवावं लागलं होतं. 2015 साली केंद्राच्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिडलाही सवलत होती, तेव्हाच्या सियाझ आणि एर्टिगा डिझेलला ती मिळायची. एप्रिल 2017 पासून माइल्ड हायब्रिड त्या योजनेतून वगळल्या गेल्या.

मनमाडच्या उन्हाळ्यात तिची एक मर्यादा लगेच जाणवते. या गाडीचा एसी इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. रेल्वेपुलाच्या अलीकडे टँकरांच्या रांगेत तुम्ही अडकलात, इंजिन बंद झालं, की एसीतून थोड्याच वेळात साधी हवा यायला लागते. गाडीला ते कळतं आणि ती इंजिन पुन्हा चालू करते. बाहेर 42 अंश असताना पेट्रोल वाचवणारं ते बंद राहणं काही सेकंदांत आटोपतं, किंवा मुळात होतच नाही. सर्व्हिस सेंटरला नेऊन 'स्टार्ट-स्टॉप बिघडलंय' म्हणून तक्रार करणारे पुष्कळ असतात. बिघडलेलं काही नसतं. स्ट्राँग हायब्रिडचा एसी विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा टिकतो. फक्त बॅटरी उतरली की इंजिन तिला भरायला स्वतःहून चालू होतं.

शोरूमच्या दारात दोन मिनिटांची परीक्षा

कोणती हायब्रिड आहे हे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा गाडीलाच विचारावं. टेस्ट ड्राइव्हला निघाल्यावर मोकळ्या जागी पूर्ण थांबा. इंजिन बंद पडू द्या. मग ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबा. आधी इंजिन गुरगुरलं आणि मग गाडी हलली, तर माइल्ड. गाडी आवाज न करता पुढे सरकली आणि इंजिन नंतर कधीतरी जागं झालं, तर फुल. बॅटरी अगदीच उतरलेली असेल, तर स्ट्राँग हायब्रिडही इंजिन चालू करून निघते. म्हणून थोडं फिरून आल्यावर हा प्रयोग करा.

दुसरी खूण बॉनेटखाली. ठळक नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या, तर गाडीत जास्त व्होल्टेज आहे, म्हणजे फुल किंवा प्लग-इन. नेहमीच्या मेकॅनिकला हे आधीच सांगून ठेवा, कारण त्या केबलला प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावायचा नसतो. आणि पेट्रोलच्या झाकणाशिवाय चार्जिंगचं वेगळं झाकण असेल, तर प्लग-इन. ते नसेल, तर गाडी चार्ज करण्याची सोयच नाही आणि गरजही नाही. 'लोडशेडिंग झालं तर स्ट्राँग हायब्रिडचं काय?' ही चिंता आपल्याकडे बऱ्याच घरांत ऐकू येते. काही होत नाही. तिची सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते, थेट इंजिनाकडून किंवा ब्रेकमधून परत मिळालेली.

फुल हायब्रिडच्या आत

मनमाडकरांना फुल हायब्रिडचा एक प्रकार समजावून सांगायला फार कष्ट नकोत. आपण डिझेलचं रेल्वेइंजिन पाहत मोठे झालो. त्यातलं डिझेल इंजिन चाकांना जोडलेलं नसतं. ते जनित्र फिरवतं, जनित्राची वीज चाकांवरच्या मोटरींना जाते. होंडा सिटीची हायब्रिड शहरातल्या वेगाला अशीच चालते. इंजिन वीज करतं, मोटर चाकं फिरवते, मध्ये बॅटरी. महामार्गावर ठरावीक वेग धरला, की एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडून टाकतो, कारण तिथे मधला विजेचा फेरा तोट्याचा पडतो.

टोयोटाची रीत वेगळी. ग्रँड व्हिटारा, हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस या तिन्हींत इंजिन आणि दोन मोटरी एका ग्रहमाला पद्धतीच्या गिअरसंचात गुंफलेल्या असतात. इंजिनाची काही शक्ती थेट चाकांना जाते, काही एका मोटरला फिरवून वीज करते. बदलायचे गिअरच नसल्याने घासून संपणारी क्लचप्लेटही नाही. इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं: आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे दाबण्याच्या मानाने प्रसरणाचा टप्पा लांब मिळतो आणि त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. असं इंजिन खालच्या वेगाला मात्र अशक्त असतं. ती उणीव मोटर भरून काढते.

या रचनेची एक सवय विकत घेण्याआधी माहीत असावी. पानेवाडीच्या तेल डेपोंमधून निघालेले टँकर पुणे–इंदूर रस्त्यावर पुढे असतात, समोरून गाडी येते आहे, आणि तुम्ही ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता. इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि तसाच टिपेला राहतो. वेग त्यामागून येतो. ग्रँड व्हिटाराच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात तो आवाज जरा जास्तच कानावर येतो. ताकद कमी नसते, इंजिन आणि मोटर मिळून 115 पीएसपर्यंत मिळते, पण गिअरच्या गाडीची सवय असलेल्याला गाडी ओरडतेय आणि पळत नाही असं वाटतं. टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या गल्लीत न संपवता महामार्गावर न्या, ते याचसाठी.

दुसरी सवय कसारा घाटात दिसते. इगतपुरीहून खाली उतरताना साधारण 300 मीटरचा उतार आहे. माणसं भरलेली दीड टनाची गाडी तेवढी खाली येताना जवळपास 1.2 युनिट इतकी शक्ती सोडते. टायर आणि हवेत त्यातली बरीच जाते, तरी उरते ती बॅटरीला झेपण्यापलीकडची, कारण 0.76 युनिटची ती बॅटरीही आयुष्य वाढावं म्हणून पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही. घाटाच्या मध्येच पडद्यावरची बॅटरी भरलेली दिसते, आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिनाचा आवाज वाढतो. ते पेट्रोल न घेता नुसतं फिरत गाडीला रोखत असतं. घाबरायचं कारण नाही. लांब उतारावर सिलेक्टर 'B'वर टाका, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत.

हिशेब, आपल्या रस्त्याचा

कागदावरचं मायलेज बघितलं, तर निकाल आधीच लागल्यासारखा वाटतो. ग्रँड व्हिटारा बाजारात आली तेव्हा कंपनीने माइल्ड ऑटोमॅटिकचा आकडा लिटरला 20.58 किलोमीटर सांगितला होता, स्ट्राँगचा 27.97. पण हा चाचणीचा आकडा आहे. तुमच्या गाडीला किती पडेल, हे तुमच्या रस्त्यावर ब्रेक किती लागतात यावर ठरतं.

समजा, मनमाडमधलं एक कुटुंब वर्षाला 15,000 किलोमीटर गाडी चालवतं, आणि सारख्याच सोयींच्या माइल्ड ऑटोमॅटिक व स्ट्राँगच्या किमतीत दोन लाखांचा फरक पडतो. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरू. खाली मायलेजचे आकडे मी अंदाजाने धरले आहेत. तुमच्या ओळखीत त्या गाड्या वापरणारा कोणी असेल, तर त्याचे घाला.

यांचं बहुतेक फिरणं चांदवडमार्गे नाशिकला असेल, तर जाताना साधारण 90 किलोमीटर आणि त्यातला मोठा भाग मुंबई–आग्रा महामार्ग. पिंपळगावचा टोलनाका आणि चौफुल्या सोडल्या, तर गाडी ऐंशी-नव्वदला एकसारखी धावते. तिथे ब्रेक लागत नाही, म्हणजे परत मिळवायला काही नाही. स्ट्राँगला फायदा उरतो तो फक्त कमी पिणाऱ्या इंजिनाचा. माइल्ड 17.5 देते आणि स्ट्राँग 21, असं धरलं तर वर्षाला 857 लिटर विरुद्ध 714. बचत 143 लिटर, म्हणजे 15,000 रुपये. दोन लाख वसूल व्हायला तेरा वर्षं लागतील. तोवर गाडी विकलेली असते.

आता हेच कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी नाशिकला राहायला गेलं. द्वारका, मुंबई नाका, सीबीएस. रोज याच कोंडीतून ये-जा. माइल्ड ऑटोमॅटिक 12 वर येते, स्ट्राँग उलट 23 वर जाते, कारण रांगेत सरकताना ती बराच वेळ विजेवर असते. 1250 लिटर विरुद्ध 652. वर्षाची बचत साधारण 63,000 रुपये, आणि दोन लाख तीन वर्षांच्या थोडं पुढे वसूल होतात. तीच गाडी, तेच किलोमीटर. बदलला तो फक्त रस्ता. पेट्रोल गाडीचं मायलेज शहरात पडतं आणि महामार्गावर चढतं, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की स्ट्राँगचं गणित उलटं चालतं, हे सांगूनही पटत नाही.

अर्धं-अर्धं असेल, तर 15 आणि 21 धरा. तिथे बचत 30,000 रुपयांच्या आसपास येते आणि वसुलीला साडेसहा वर्षं. तेव्हा निर्णय पैशांपेक्षा शांत गाडी हवी का, यावर घ्यावा. आणि खर्च हाच एकमेव निकष असेल, तर हिशेबाच्या वहीत सीएनजीचाही रकाना आखा. गावातले एर्टिगा सीएनजीवाले उगाच हसत नाहीत. सीएनजी घेतली तर डिकी जाते. स्ट्राँग हायब्रिडमध्येही थोडी जातेच. ग्रँड व्हिटाराची माइल्डमध्ये 373 लिटरची डिकी स्ट्राँगमध्ये 265 वर येते, कारण बॅटरी तिथेच खाली बसवलेली आहे.

करांच्या बाबतीत महाराष्ट्रात स्ट्राँगला वेगळी माफी नाही. उत्तर प्रदेशने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला, त्याच्या बातम्या वाचून इथे तशी अपेक्षा ठेवू नका. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीतही चार मीटरहून लांब हायब्रिडवर 40 टक्के कर आहे. पूर्ण विजेच्या गाडीवर 5 टक्के.

प्लग-इन कोणाला?

सामान्य खिशाला परवडणारी प्लग-इन शोधायला निघालात, तर हात रिकामेच राहतील. भारतात प्लग-इन म्हणून आतापर्यंत आलेल्या बहुतेक गाड्या कोटींच्या घरातल्या. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एक्सएमची किंमत दोन कोटी साठ लाख होती, बॅटरी 25.7 युनिटची. पण कंपन्या या प्रकाराकडे वळतायत, तेव्हा तिचं गणित आधीच करून ठेवलेलं बरं.

समजा, 10 युनिटची बॅटरी असलेली प्लग-इन तुमच्या दारात आली. साध्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर ती तीन-चार तासांत भरेल आणि पन्नासेक किलोमीटर पेट्रोलशिवाय नेईल. मनमाडहून येवला गाठून परत यायला एवढं पुरतं. पण महावितरणच्या घरगुती बिलात 300 युनिटच्या वरचा टप्पा बराच महाग आहे. एसीच्या दिवसांत गाडीचे युनिट त्याच टप्प्यात पडतात. युनिटला 15 रुपये धरले, तर किलोमीटरला तीन रुपये. स्ट्राँग हायब्रिडला पेट्रोलवर किलोमीटरला पाच रुपये पडतात. फायदा आहे, पण विजेच्या गाडीच्या जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. छतावर सोलर असेल, तर चित्र वेगळं.

खरा प्रश्न शिस्तीचा आहे. रोज रात्री प्लग लावला नाही, तर ही गाडी म्हणजे जास्तीची जड बॅटरी वाहून नेणारी फुल हायब्रिड. युरोपात नेमकं हेच घडलं. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये, गाड्यांमध्येच नोंदल्या गेलेल्या इंधनाच्या आकड्यांवरून सांगितलं, की प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट निघालं. लोक अपेक्षेपेक्षा कमी चार्ज करत होते. ज्याची गाडी रात्री रस्त्यावर किंवा सोसायटीच्या सामायिक जागेत लागते, त्याने प्लग-इनचा विचार सोडून द्यावा.

घेतल्यानंतर सांभाळायच्या गोष्टी थोड्याच आहेत. बऱ्याच स्ट्राँग हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तिच्यातून केबिनमधली हवा बॅटरी थंड ठेवायला आत जाते. प्रवासात तिथे पिशव्या किंवा गोधडी टेकवून ठेवली, किंवा आपल्याकडची धूळ साचून फिल्टर तुंबला, की मागून पंख्याची घरघर वाढते. तो आवाज ऐकू आला, तर धोक्याचा दिवा लागायची वाट न पाहता जाळी मोकळी करा आणि सर्व्हिसला फिल्टर साफ करून घ्या.

गावी जाऊन महिनाभराने परत आलात आणि गाडी 'READY' दाखवत नसेल, तर दोष मोठ्या बॅटरीत शोधू नका. स्ट्राँग हायब्रिडमध्येही साधी 12 व्होल्टची बॅटरी असतेच, आणि गाडी जागी व्हायला तीच लागते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी हलत नाही. माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागी केबल लावून जंपस्टार्ट करता येतं. आपल्या गाडीतली वीज दुसऱ्याची बंद पडलेली गाडी चालू करायला मात्र देऊ नका, पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याशिवाय.

वापरलेली स्ट्राँग घेणार असाल, तर बॅटरीची हमी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते, अशी टोयोटा आणि मारुती देतात. नोंदणीची तारीख आणि मीटर बघून किती उरली ते मोजा, हमी नव्या मालकाच्या नावावर होते का हे डीलरकडून लेखी घ्या आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीच्या तपासणीचा कागद मागा. विकणारा तो कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, तर बयाणा देऊ नका.